टकलावरची जखम: खपली पडली म्हणजे बरी झाली, असं धरू नका

टक्कल पडलेल्या किंवा केस विरळ झालेल्या डोक्यावर बारीकसारीक लागणं रोजचंच असतं. माळ्याच्या दाराची कड, फणीचा दात, हेल्मेटचा पट्टा, सलूनमधला वस्तरा. त्यामुळे डोक्यावर खपली दिसली की कोणी घाबरत नाही, आणि घाबरायचं कारणही नसतं. अशा शंभरातल्या बहुतेक खपल्यांचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर असल्यामुळे त्वचेचा कॅन्सर भारतात मुळात कमी आढळतो. पण जो आढळतो, त्याच्यासाठी उघडं डोकं ही सोयीची जागा आहे. तिथे वर्षानुवर्षं थेट ऊन बसतं, आणि स्वतःचं टाळकं स्वतःला दिसत नाही.

पुण्यात मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस येतात, जेव्हा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांमध्ये त्याचे प्रयोगही करतात. एरवीही उन्हाळ्याच्या दुपारी इथलं ऊन जवळजवळ सरळ खाली पडतं. चेहऱ्याला कपाळाची, भुवयांची थोडी आड असते. टकलाला काहीच नसतं. ज्यांनी तीस-चाळीस वर्षं दुचाकी चालवली, आणि अस्सल पुणेकराच्या बाण्याने हेल्मेटला विरोधही केला, त्यांच्या माथ्यावर या उन्हाचा हिशेब साठलेला असतो.

या कॅन्सरचं सगळ्यात जास्त फसवणारं रूप म्हणजे न भरणारी जखम. म्हणून या लेखात प्रामुख्याने तिच्याबद्दलच लिहितो.

ही जखम फसवते कशी

एक काल्पनिक पण अगदी नेहमीचं उदाहरण घेऊ. सहकारनगरात राहणारे अडुसष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ. माथा पूर्ण मोकळा, कडेने केस. गणपतीचं मखर माळ्यावरून काढताना दाराची कड डोक्याला लागली. थोडं रक्त आलं, हळद दाबली, खपली धरली. दहा-बारा दिवसांनी खपली पडली, खाली गुलाबी ओलसर कातडी दिसली. झालं, बरं झालं.

दसऱ्याच्या सुमारास त्याच जागी पुन्हा खपली. काकांच्या मते फणी लागली असणार. तीही पडली. मग दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटणं चोळताना रक्त आलं. दोन दिवसांनी काकूंनी उशीचा अभ्रा दाखवला, "अहो, हे बघा, परत डाग. तुमच्या डोक्याला झालंय तरी काय?" काका म्हणाले, "अगं, उटणं जरा जोरात लागलं. शिवाय शुगर आहे ना, जखम भरायला वेळ लागणारच."

तीन वेळा खपली, आणि दरवेळी वेगळं कारण. प्रत्येक कारण स्वतंत्रपणे अगदी पटण्यासारखं आहे. पण जागा एकच आहे, आणि मोजायचं आहे ते पहिल्या दिवसापासून. गणपतीच्या तयारीपासून दिवाळीपर्यंत दोन महिने होऊन गेले. म्हणजे काकांना तीन छोट्या जखमा झाल्या नाहीत. दोन महिने न भरलेली एकच जखम आहे.

भरणं म्हणजे काय, हेही नीट समजून घेऊ. खपली पडून खालची कातडी कोरडी, सपाट आणि बंद व्हायला हवी, आणि पुढचे काही आठवडे तशीच राहायला हवी. कॅन्सरच्या जागी पेशी अव्यवस्थित वाढत असतात, वरची कातडी पक्की जुळत नाही. तिथून पाझरलेला द्रव वाळला की खपली बनते, टॉवेल लागला की ती निघते, आणि हेच चक्र फिरत राहतं. काही वेळा मधला भाग खरंच बंद झाल्यासारखा दिसतो आणि कडेने मात्र जखम सरकत असते.

शुगरचं कारण डोक्याच्या बाबतीत फारसं टिकत नाही. मधुमेहात पायाच्या जखमा रखडतात, कारण तिथला रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी झालेल्या असतात. टाळूचा रक्तपुरवठा शरीरातल्या उत्तम पुरवठ्यांपैकी आहे. म्हणून तर डोक्याला जरासं लागलं तरी भळाभळा रक्त येतं. त्याच कारणाने टाळूवरचा साधा ओरखडा एक ते दोन आठवड्यांत भरतो. शुगर वाढलेली असेल तर थोडा उशीर होईल, पण दोन महिने नाही.

घरी कसं बघायचं

आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवा आणि तेल लावू नका. तेलाने कातडी एकसारखी चमकते आणि खडबडीतपणा लपतो. काळा रंग लावत असाल तर रंग लावण्याआधीच तपासणी उरका, कारण रंगाचे डाग कातडीवर काही दिवस राहतात.

सकाळच्या उजेडात खिडकीजवळ स्टुलावर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. एकटे राहत असाल तर मोबाइलचा व्हिडिओ चालू करून हळूहळू डोक्यावरून फिरवा, मग थांबवून थांबवून पाहा. कपाळाच्या वरच्या कडेपासून सुरुवात करून माथा, भोवरा, मागची बाजू असं जा. कानाची वरची कड आणि कानामागची जागा विसरू नका. टक्कल असणाऱ्यांचे कानही तितकंच ऊन खातात. केस विरळ असतील तर फणीच्या शेपटाने भांग पाडत पाडत एकेक पट्टा बघावा लागतो. ते किचकट आहे, पण विरळ केसांतच गोष्टी जास्त काळ लपतात.

डोळ्यांनी बघून झालं की बोटांनी चाचपा. काही गोष्टी दिसण्याआधी हाताला लागतात. उन्हाने बिघडलेल्या कातडीवर कधी कधी एखादा ठिपका पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागतो, दिसताना मात्र जेमतेम लालसर किंवा राखाडी. हा स्वतः कॅन्सर नसतो. त्याला अॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात, आणि त्यातल्या थोड्यांचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो जास्त दिसतो, पण उजळ वर्णाच्या आणि उन्हात आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या माणसांतही आढळतो.

जखम सापडली तर चिमटीत न धरता तिच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कातडी हलकेच पुढेमागे सरकवून बघा. टाळूची कातडी कवटीवर थोडी सरकते. जखमेची जागा कातडीबरोबर सरकत असेल तर ठीक. खाली चिकटल्यासारखी घट्ट लागत असेल तर वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. त्यानंतर कानापुढे, कानामागे, मानेच्या मागे आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना गाठ लागते का पाहा. टाळूवरचा कॅन्सर पसरला तर बहुधा आधी याच गाठींत उतरतो.

आता नोंद. "डोक्यावर मागे कुठेतरी" एवढ्याने काही कळत नाही, आणि पुढच्या वेळी तीच जागा आहे की शेजारची, यावरून घरात वाद होतात. शिवणाची टेप घ्या. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून मध्यरेषेवरून मागे किती सेंटिमीटर आणि मध्यरेषेच्या उजवीकडे की डावीकडे किती, असे दोन आकडे लिहा. काकांच्या बाबतीत ते भुवयांपासून १६ सेंटिमीटर मागे आणि २ सेंटिमीटर उजवीकडे आले असं समजू. मग जखमेशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून. दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळी. फ्लॅश नको, त्याने उंचवटे सपाट दिसतात.

काय दिसलं तर काय समजायचं

घरच्या घरी निदान होत नाही, हे आधी सांगतो. तरीही काय शोधायचं हे माहीत असलं की नजर बसते.

बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेच्या कॅन्सरचा हळू वाढणारा प्रकार. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या माणसांचे असतात, त्यात तो गुलाबी आणि चकाकता दिसतो. आपल्या कातडीत तो पुष्कळदा काळा किंवा काळपट निळा असतो, म्हणून "नवीन तीळ आलाय" म्हणून सोडून दिला जातो. कड किंचित उचललेली आणि चकचकीत, मध्ये खळगा, खळग्यात खपली. दुखत नाही. तो शरीरात दूर क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी खोल खात जातो.

स्क्वेमस सेल कार्सिनोमा जास्त खडबडीत असतो. जाड, टणक, वर पिवळसर कवच, कधी छोट्या शिंगासारखा उंचवटा. दाबल्यावर दुखू शकतो, आणि आठवड्या-महिन्यांत वाढलेला जाणवतो. पसरण्याची शक्यता याची जास्त. काकांच्या जागेचं वर्णन या बाजूला झुकतं: ८ मिलिमीटर, कड टणक, वर चिवट खपली, स्पर्शाला हुळहुळतं.

तिसरा एक प्रकार दुर्मीळ आहे, पण वयस्कांच्या डोक्यावरच तो मुख्यतः होतो म्हणून सांगतो. काही न लागता उमटलेला जांभळट, मुका मार बसल्यासारखा डाग, जो विरण्याऐवजी पसरत जातो. याला अँजिओसार्कोमा म्हणतात. मुका मार दोन-तीन आठवड्यांत हिरवा-पिवळा होऊन जातो. तसं झालं नाही तर थांबू नका. मेलॅनोमा या तिळासारख्या दिसणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल बरंच वाचायला मिळतं, पण आपल्याकडे तो कमी असतो आणि झाला तर तळपाय-तळहातांवर जास्त. डोक्यावरचा तीळ आकार, रंग किंवा कड बदलत असेल तर मात्र दाखवावाच.

आता निरुपद्रवी पाहुणे. कोंड्याचे चट्टे तेलकट, पिवळसर, खाजरे आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी असतात. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरला की तीन-चार आठवड्यांत आटोक्यात येतात. सगळा कोंडा गेला आणि एकच चट्टा जागचा हलला नाही, तर तो वेगळा समजावा. वयानुसार येणारे तपकिरी-काळे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे खडबडीत उंचवटे वर्षानुवर्षं तसेच राहतात. कातडीखाली गुळगुळीत, सरकणारी गाठ आणि वरची कातडी शाबूत, असं असेल तर ती बहुधा साधी गाठ. हेल्मेटच्या घर्षणाची जखम असेल तर दोन आठवडे हेल्मेटचं आतलं पॅडिंग बदलून किंवा आत मऊ सुती टोपी घालून बघा. कारण दूर केल्यावर खरी घर्षणाची जखम भरायलाच लागते.

चार आठवडे, आणि कोणी तेवढंही थांबू नये

पहिल्या दिवसापासून चार आठवड्यांत जी जखम पूर्ण बंद झाली नाही, ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायची. मध्ये दोनदा खपली पडली असली तरी मोजणी पहिल्या दिवसापासूनच. एकदा बंद होऊन त्याच जागी पुन्हा उघडली तर चार आठवड्यांची वाटही बघू नका.

काही जणांनी पहिल्याच आठवड्यात जावं. किडनी बदललेले आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे, कारण त्यांच्यात हा कॅन्सर पुष्कळ जास्त होतो आणि वेगाने वाढतो. ज्यांच्या डोक्यावर जुना भाजल्याचा व्रण आहे आणि त्या व्रणात आता जखम झाली आहे ते. सावळ्या कातडीत जुन्या व्रणातून उठणारा कॅन्सर महत्त्वाचा आहे, आणि त्याला ऊन लागतंच असं नाही. डोक्यावर पूर्वी रेडिएशन घेतलेले, डिस्कॉइड ल्युपस या त्वचेच्या आजाराने टाळूवर चट्टे आणि कायमचं टक्कल पडलेले, आधी एकदा त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेले, हेही यातच. गळ्यात गाठ असेल किंवा जखम आठवड्या-आठवड्याला वाढताना दिसत असेल, तर कोणीही थांबू नये.

या चार आठवड्यांत करायचं एवढंच की जागा साध्या पाण्याने धुवायची, व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा, खपली खरवडायची नाही. औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली क्रीम लावू नका. तिने लाली आणि सूज उतरते, जागा दोन आठवडे छान दिसते आणि दाखवायला उशीर होतो. चुना आणि सोडा लावून "चामखीळ जाळणं" तर मुळीच नको. वरचा भाग जळतो, खालचा वाढत राहतो, आणि नंतर तपासायला नीट तुकडाही मिळत नाही. एखाद्या क्लिनिकने लेसरने किंवा जाळून काढून देतो म्हटलं तर एकच प्रश्न विचारा, "काढलेला भाग तपासणीला जाणार का?" उत्तर नाही असेल तर तिथून उठावं.

डॉक्टरांकडे काय होतं

पुण्यात खासगी त्वचारोगतज्ज्ञ जवळपास प्रत्येक उपनगरात आहेत. ससून रुग्णालयात त्वचारोग विभागाची ओपीडी आहे, तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. फोटो, ते दोन आकडे, पहिल्या दिवसाची तारीख आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

डॉक्टर आधी डर्मोस्कोपने बघतील. हे प्रकाश असलेलं भिंग असतं, दुखण्याचा प्रश्नच नाही. शंका वाटली तर बायोप्सी. त्या जागी भूल देऊन तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने कातडीचा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो, आणि तासाभरात घरी. टोचताना चटका बसतो, पुढे फक्त दाब जाणवतो. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो.

"हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं, आणि त्यापायी माणसं सहा-सहा महिने काढतात. त्वचेच्या बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. खरी अडचण वेगळीच असते. तुकडा फक्त वरच्या वाळलेल्या खपलीचा घेतला गेला तर रिपोर्टमध्ये "दाह" एवढंच येऊ शकतं. तुकडा जखमेच्या जाड कडेतून आणि पुरेसा खोल हवा. म्हणून रिपोर्ट निर्धोक आला पण जखम पुढचा महिनाभरही भरली नाही, तर पुन्हा जाऊन दुसरी बायोप्सी विचारायला संकोच करू नका. चांगले डॉक्टर स्वतःच तसं सांगतात.

काकांचा रिपोर्ट "वेल डिफरन्शिएटेड स्क्वेमस सेल कार्सिनोमा, खोली अडीच मिलिमीटर" असा आला असं धरू. वेल डिफरन्शिएटेड म्हणजे पेशी अजून मूळ कातडीच्या पेशींसारख्याच दिसतात, ही चांगली बाजू. खोलीही अजून बेताची आहे. सहा मिलिमीटरच्या पुढे गेली की धोका बराच वाढतो. आता ऑपरेशनचं गणित बघा. ८ मिलिमीटरची जागा, आणि चारही बाजूंनी साधारण ६ मिलिमीटर निरोगी कातडी काढायची. म्हणजे ६ अधिक ८ अधिक ६, एकूण २० मिलिमीटरचं भोक. टाळूची कातडी पोट किंवा दंडासारखी ताणली जात नाही, तरी दोन सेंटिमीटर बहुधा आजूबाजूची कातडी सरकवून शिवता येतात. हीच जखम आणखी सहा महिन्यांनी दोन सेंटिमीटरची झाली असती, तर कडाही जास्त ठेवाव्या लागल्या असत्या आणि भोक चार सेंटिमीटरच्या घरात गेलं असतं. मग मांडीची कातडी आणून लावायची, ड्रेसिंगं, दोन जागी जखमा. छोट्या जागेचं ऑपरेशन बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन होतं. फार वयस्क किंवा ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठी रेडिएशनचा पर्याय असतो.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये "मार्जिन" हा शब्द शोधा. काढलेल्या भागाच्या सगळ्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एक जरी कड मोकळी नसेल तर पुन्हा थोडं काढावं लागतं किंवा रेडिएशनचा विचार होतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून ऑपरेशनच्या आधीच मंजुरी घ्यायची असते. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

पुढे

एकदा असा कॅन्सर झालेल्या डोक्यावर दुसरा होण्याची शक्यता असते, कारण ऊन सगळ्या माथ्यानेच खाल्लेलं असतं. पुढची दोन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून डोकं आणि गळ्याच्या गाठी तपासून घ्यायच्या, आणि घरी महिन्यातून एकदा खिडकीजवळचं ते स्टूल. सलूनमध्ये नेहमी एकाच माणसाकडे जात असाल तर त्यालाही सांगून ठेवा, "मागे काही वेगळं दिसलं तर बोल, आणि तिथे वस्तरा फिरवू नकोस." त्याच्याइतक्या जवळून तुमचं डोकं दुसरं कोणी बघत नाही.

उन्हात जाताना चहूबाजूंनी कड असलेली, दाट विणीची टोपी घाला. क्रिकेटच्या टोपीत कान आणि मान उघडे राहतात, जाळीच्या टोपीतून ऊन आत येतं, आणि खोबरेल तेल काहीच अडवत नाही. टोपी घालायचीच नसेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं जेल सनस्क्रीन माथ्यावर आणि कानांवर लावायचं, उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा, घाम येत असेल तर त्याआधीही. सकाळी साडेसहाला तळजाईला जाऊन आठच्या आत परतणाऱ्यांना एवढी काळजी लागत नाही. अकरा वाजता मंडईत पिशवी घेऊन उभं राहणाऱ्यांना लागते.